विनंती अर्ज, उजवीकडून डावीकडे

अरबी येत नाही म्हणून वर्गाला जायचं, आणि वर्गाला घ्यावं म्हणून अरबीतच अर्ज करायचा, असा नियम म्हैसूरच्या एका खासगी भाषावर्गात आहे. पहिल्या पातळीला तो लागू नाही. तिथं आधार कार्डाची प्रत आणि फी एवढ्यावर भागतं. दुसऱ्या पातळीच्या संध्याकाळच्या वर्गाला मात्र संचालकांच्या नावे एक पानाचा अर्ज लागतो, तोही स्वतःच्या हातानं लिहिलेला. बँकेच्या नोकरीत जन्म गेला तो लोकांचे अर्ज वाचण्यात, त्यांवर लाल शाईनं ‘पूर्तता करावी’ असं खरडण्यात. निवृत्तीनंतर अर्जदाराच्या खुर्चीत बसायची पाळी आली, आणि तीसुद्धा अशा लिपीत की कागद कोणत्या बाजूनं सुरू करायचा इथपासून प्रश्न.

हे खूळ डोक्यात शिरायला कारणीभूत आमची नात. ती शारजाला असते. तिकडच्या खासगी शाळांत परदेशी मुलांनाही अरबी सक्तीची आहे, त्यामुळे ती व्हिडिओ कॉलवर वही दाखवते आणि मी ‘वा, वा’ म्हणतो. एकदा तिनं वही उलटी धरली होती तरी मी ‘वा, वा’ म्हणालो. तिनं ते आजीला सांगितलं. आजीनं ते अख्ख्या सरस्वतीपुरमला सांगितलं. त्यानंतर शिकणं भागच होतं.

म्हैसूर हे भाषा शिकायला वाईट गाव नाही. भारतीय भाषा संस्थान १९६९ पासून इथं मानसगंगोत्रीत आहे. त्याचंच पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात डेक्कन कॉलेजच्या आवारात आहे, आणि देशभरचे शिक्षक तिथं दहा महिन्यांत मराठी शिकून जातात. पण त्या संस्थेचं काम भारतीय भाषांचं, अरबी तिच्या कक्षेत कशाला येईल? म्हणून मी अशोका रोडच्या मागच्या गल्लीत, एका जिन्याच्या वर भरणाऱ्या वर्गात जाऊन बसलो. तिथले उस्ताद सत्तरीचे, शाळेतून निवृत्त झालेले. पहिल्या पातळीला त्यांनी डॉ. व्ही. अब्दुर रहीम यांची मदिना विद्यापीठातली पुस्तकं लावली होती. जगभर ज्या पुस्तकांवरून लोक अरबी शिकतात त्यांचा कर्ता मूळचा तमिळनाडूतल्या वाणियंबाडीचा, हे उस्ताद प्रत्येक तुकडीला पहिल्या तासाला सांगतात. ‘अपने बाजू का आदमी है,’ असं म्हणून ते पूर्वेकडच्या खिडकीकडे बोट दाखवतात, जणू डॉक्टरसाहेब जिना चढून येताहेत.

तर हा अर्ज. ‘ये ही इम्तिहान है, साब,’ उस्ताद म्हणाले. ‘मैं सवाल नक्को पूछता. अर्ज सब बोल देता.’ दखनीतला हा ‘नक्को’ ऐकला की मला सांगलीत बसल्यासारखं वाटतं. पण ते म्हणत होते ते शब्दशः खरं होतं. अरबी अर्जात मागणी असते एका वाक्याची. बाकी सगळा कागद अदबीचा. आणि या भाषेची गंमत अशी की तिचं निम्मं व्याकरण त्या अदबीतच दडलेलं असतं.

सुरुवात मायन्यापासून. मराठी अर्जाला मायना म्हणजे ‘प्रति, मा. संचालक’ एवढं झालं की पुरे. आपले पूर्वज याबाबतीत बरे होते. राजमान्य राजश्री, अखंडित लक्ष्मी अलंकृत, सेवेशी साष्टांग नमस्कार विनंती विशेष, असं करत करत ते विषयाला येईपर्यंत कागद संपायचा. आपण ते सगळं टाकून दिलं. अरबांनी टाकलं नाही, आणि कुणाला कोणती पायरी द्यायची याचा त्यांचा हिशेब अजून पक्का आहे. राजाला ‘जलालत’, राष्ट्राध्यक्षाला ‘फखामत’, मंत्र्याला ‘मआली’, धर्मपंडिताला ‘फदीलत’, आणि राजदूत, महासंचालक, संस्थाप्रमुख वगैरे मंडळींना ‘सआदत’. आमच्या वर्गातल्या एका उत्साही तरुणानं जास्त मान दिलेला बरा म्हणून संचालकांना ‘जलालत’ लिहून टाकलं. उस्तादांनी तो अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, ‘इनकू तख्त पे बिठा दिया तू. फी कम करेंगे बोलके?’

तेव्हा ‘सआदत मुदीर मअहद अल-लुगात अल-मुह्तरम’ हा योग्य मायना. अर्थ सरळ आहे: भाषासंस्थेचे माननीय संचालक महोदय. पण या ओळीतच निम्मे अर्जदार गळतात. ‘अल’ हा अरबीचा लाडका उपसर्ग, नवशिक्या माणूस तो मीठ टाकावं तसा सगळीकडे टाकतो. संचालकाला अल, संस्थेला अल, भाषांना अल. पण अमक्याचा तमका अशी साखळी जोडताना अल फक्त शेवटच्या कडीला लागतो. म्हणून संचालकाला नाही, संस्थेला नाही, फक्त भाषांना. इतका मोठा साहेब, ज्याच्या सहीनं प्रवेश मिळणार, तो त्या ओळीत बिनअलाचा उभा असतो. त्याची भरपाई ओळीच्या टोकाला ‘अल-मुह्तरम’नं होते. तिथं अल हवाच, कारण विशेषण साहेबाचं आहे आणि साहेब साखळीमुळे आपोआप निश्चित झालेला आहे. बँकेतही असंच असायचं. शाखाधिकाऱ्याला स्वतःचा अधिकार फारसा नसे, पण तो प्रादेशिक कार्यालयाच्या साखळीत आहे एवढ्यावर लोक त्याला नमस्कार करत.

संचालक बाई असतील तर ‘मुदीर’ची ‘मुदीरत’ होते आणि टोकाला ‘अल-मुह्तरमा’. ‘सआदत’ मात्र तीच राहते. आमचे संचालक पुरुष होते, एवढी एक चौकशी मी आधी करून ठेवली. अर्जदारानं काउंटरवर हे विचारणं बरं दिसत नाही, म्हणून पानाच्या टपरीवर विचारलं.

मायन्यानंतर सलाम, आणि सलामानंतर ‘व बअद’. म्हणजे ‘यानंतर’. हे छोटंसं फाटक आहे. त्याच्या अलीकडे सगळी खुशाली, पलीकडे काम. ‘तहिय्या तय्यिबा, व बअद’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं की आता हा माणूस काहीतरी मागणार. सांगणं-मागणं वेगळं करायची ही सोय मला इतकी आवडली की घरी चहा मागताना मी ती वापरून पाहिली. ‘अहो, सरळ बोला,’ असं उत्तर आलं.

या प्रांतातून अदबीची मोठमोठी पत्रं पूर्वीही गेलेली आहेत. इथून पंधरा-सोळा किलोमीटरवर श्रीरंगपट्टण. तिथून टिपू सुलतानानं १७८६ साली कॉन्स्टँटिनोपलला ऑटोमन सुलतानाकडे वकिलात धाडली. राज्यकारभाराची लिखापढी फारसीत, मायने हातभर, सोबत नजराणे, आणि ‘व बअद’च्या पलीकडच्या मागण्यांत एक अशी की बसऱ्याच्या बंदरात व्यापाराची सवलत मिळावी. ती काही मिळाली नाही. उस्तादांना हे मी सांगितलं, तेव्हा ते म्हणाले की त्याला बंदर मागायचं होतं, तुम्हाला संध्याकाळी साडेसहाची बाकावरची जागा, घाबरू नका.

आता मुख्य वाक्य. नमुन्यादाखल ते असं: ‘अतशर्रफु बि-अन अतकद्दम इला सआदतिकुम बि-तलबी हाजा, राजियन अत्तकर्रुम बिल-मुवाफका अला कबूली फिद्दौरा अल-मसाइय्या.’ माझा हा अर्ज आपल्यासमोर ठेवण्याचा मान मला मिळतो आहे, या आशेनं की मला संध्याकाळच्या वर्गात घेण्यास संमती देण्याची कृपा व्हावी. थेट ‘घ्या’ कुठंही नाही. आधी मान, मग आशा, मग कृपा, मग संमती, मग कुठं प्रवेश. आपल्या ‘वरील विषयास अनुसरून’मध्ये एकाच उडीत जे होतं, ते इथं पाच पायऱ्यांनी होतं, आणि प्रत्येक पायरीवर व्याकरणाचा एक पहारेकरी उभा आहे.

यातला सर्वांत खट्याळ पहारेकरी म्हणजे ‘राजियन’. ‘आशा करत’ या अर्थाचा हा शब्द पुरुषानं असा लिहायचा. बाईनं ‘राजियतन’ लिहायचं. या एका शब्दानं गेल्या वर्षीच्या तुकडीत जो प्रकार घडला तो उस्ताद अजून रंगवून सांगतात. आखाती देशातल्या रुग्णालयात नोकरी धरायला निघालेल्या एका नर्सबाईंनी फार सुंदर अर्ज लिहिला होता. तो कुणीतरी फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला. पाहता पाहता तुकडीतल्या साऱ्या पुरुषांनी तो उतरवला, आपापली नावं घातली आणि सादर केला. त्यात एक ट्रॅव्हल एजंट, एक वकील आणि दाढीवाला एक जिम चालवणारा गृहस्थ होता. सगळ्यांनी मोठ्या अदबीनं कळवलं होतं की खाली सही करणारी ही बाई, प्रवेशाची आशा बाळगून असलेली, हा अर्ज सादर करणारी आहे.

गंमत म्हणजे क्रियापदांत काही दिसतच नाही. मराठीत ‘मी अर्ज करतो’ की ‘करते’ इथंच पितळ उघडं पडतं. अरबीत ‘मी’ म्हणून बोलणाऱ्याचं क्रियापद बाईचं काय, पुरुषाचं काय, एकच. ‘अतकद्दम’ दोघांचंही. त्यामुळे उतरवणाऱ्याला वाटतं, आपलं सगळं जमलं. पण तीन ठिकाणी खूण राहते. ‘खाली सही करणारा’ हा ‘अल-मुवक्किअ’, बाई असेल तर ‘अल-मुवक्किआ’. मधे ते ‘राजियन’. आणि शेवटी सहीच्या वर ‘मुकद्दिमुहु’, म्हणजे ‘सादर करणारा’, बाईसाठी ‘मुकद्दिमतुहु’. उस्ताद अर्ज हातात घेतात तेव्हा आधी या तीन जागा पाहतात आणि मग बाकीचा वाचायचा की नाही ते ठरवतात. उतरवलेला अर्ज ओळखायचा यापेक्षा सोपा मार्ग मला बँकेत कधी सापडला नाही. तिथं लोक एकमेकांचे प्रकल्प अहवाल उतरवून म्हशींच्या कर्जात कोंबड्यांचं खाद्य मागायचे, पण ते कळायला निदान चौथं पान तरी उघडावं लागे.

त्यानंतर कारण. संध्याकाळचाच वर्ग का, हे अर्जात यावंच लागतं, कारण सकाळचा वर्ग अर्धा रिकामा असतो आणि संध्याकाळी बाक पुरत नाहीत. नोकरदाराला अडचण नसते. ‘मी दिवसा काम करतो’ या अर्थी ‘अअमलु नहारन’ लिहिलं की झालं. पण मी ‘मुतकाइद’, म्हणजे निवृत्त. काउंटरवरचा कारकून पोरगा म्हणालाच, ‘सर, आप तो दिन भर फ्री.’ खरं कारण दुपारची झोप. ते ‘सआदत’च्या दारात कसं न्यायचं? उस्तादांना विचारलं. ते खुलले. म्हणाले, दुपारच्या विश्रांतीला अरबीत ‘कैलूला’ म्हणतात, मोठी प्रतिष्ठित गोष्ट आहे, पैगंबरांची सुन्नत समजतात, तिच्याबद्दल मी तुम्हाला तासभर सांगू शकतो. ‘मगर अर्ज में नक्को, साब. काम की बात में नींद की बात आई तो पढ़नेवाले कू बी नींद आती.’ शेवटी ‘कौटुंबिक जबाबदाऱ्यांमुळे’ असं लिहायचं ठरलं. आमच्या हिनं ते वाचायला मागितलं नाही, बरं झालं.

आता हातानं लिहायची बाब. सुरुवातीला मी आपला छापून घ्यायला गेलो होतो. अर्ज हस्तलिखित हवा ही अट तोवर नीट कानावर पडली नव्हती, कारण ती जिन्याच्या भिंतीवर लावली आहे आणि जिन्यातला दिवा गेलेला आहे. डीटीपीचं दुकान उर्दू लग्नपत्रिका करणारं. त्यानं इनपेजमध्ये अर्ज असा काही जुळवला की अक्षरं उजवीकडून डावीकडे तिरकी झुलत उतरत होती, वेलीवरून घोस लोंबावेत तशी. उर्दूची ही नस्तालीक धाटणी फार देखणी. पण अरब माणूस सरकारी कागद सरळ रेषेतल्या नस्खमध्ये वाचतो. उस्तादांनी कागद लांब धरला. ‘ये अर्ज नै, शादी का रुक्का दिखरा. वलीमा कब है?’ शिवाय दुकानदारानं ‘ये’ आणि ‘काफ’ ही अक्षरं उर्दूची घातली होती. ती दिसायला जवळपास तशीच, पण अरबीत शब्दाच्या शेवटच्या ‘ये’खाली दोन टिंबं असतात, उर्दूत नसतात. उस्तादांचं बोट बरोबर त्या नसलेल्या टिंबांवर गेलं.

मग मुलानं शारजाहून संगणकावर टाइप करून पाठवला. तो नस्खमध्ये, टिंबांसकट, एकदम साहेबी. फक्त माझा फोन नंबर उलटापालटा झाला होता. अरबी मजकूर उजवीकडून डावीकडे जातो, पण आकडे त्यातही डावीकडून उजवीकडेच वाचायचे असतात. संगणक एका सलग आकड्यापुरतं हे नीट सांभाळतो. मधे मोकळी जागा सोडून नंबर पाच-पाच आकड्यांत तोडला, की त्याला ते दोन वेगळे आकडे वाटतात आणि तो त्यांना परिच्छेदाच्या दिशेनं मांडतो. पहिले पाच उजवीकडे, पुढचे पाच डावीकडे. आपण डावीकडून वाचायला लागलो की दुसरा अर्धा आधी. देशाच्या क्रमांकाआधीचं अधिकचं चिन्ह तर थेट उजव्या टोकाला जाऊन उभं राहिलं होतं, लग्नात रुसलेल्या आत्याबाईंसारखं. तारखेचीही तीच गत. आडव्या छोट्या रेघा देऊन लिहिलेली तारीख वर्षापासून सुरू झालेली दिसत होती. तिरक्या रेघा दिल्या की ती ठीक राहते आणि फोन नंबर सलग लिहिला की तोही. हे मी मुलाला कळवलं. ‘बाबा, हातानंच लिहा ना,’ तो म्हणाला. भिंतीवर जे लिहिलं होतं ते शेवटी शारजाहून कळलं.

हातानं लिहिताना आकड्यांचा वेगळाच पेच पडतो. उजवीकडून मजकूर लिहीत आलात, तारीख आली, की हात उचलायचा, आकड्यांना लागेल तेवढी जागा मोकळी सोडून डावीकडे उडी मारायची, आकडे उजवीकडे लिहीत यायचे आणि मग पुन्हा उडी मारून पुढचा मजकूर. जागेचा अंदाज चुकला तर वर्ष महिन्याच्या अंगावर चढतं. त्यात आखातातले आकडे दिसायला आपल्या ओळखीचे आणि किमतीला भलतेच. त्यांचा पाच म्हणजे हुबेहूब आपलं शून्य. त्यांचं शून्य म्हणजे नुसतं एक टिंब. सात उघड्या चिमट्यासारखा आणि आठ तोच चिमटा पालथा. माझ्यासारख्या बँकवाल्याच्या पोटात यानं गोळा येतो. मराठीतले शंभर त्यांनी वाचले तर नऊशे पंचावन्न होतात, आणि त्यांचे शंभर आम्ही वाचले तर एक, आणि पुढं शाई सांडलेली.

तारखेत महिन्याचं नाव लिहायचं म्हटलं तर आणखी एक निर्णय. जुलैला कैरोत आणि आखातात ‘यूलियू’ म्हणतात, दमास्कस-बगदादकडे ‘तम्मूज’. आपला वर्ग म्हैसूरचा, तेव्हा कोणत्या देशाच्या जुलैत अर्ज करायचा? उस्तादांनी सांगितलं की नातीचा जुलै धरा. म्हणून ‘यूलियू’, आणि वर्षापुढे इसवी सनाची खूण म्हणून ‘मीम’ हे अक्षर. हिजरी सन असता तर ‘हे’.

आता लाल पेनाचा भाग. उस्ताद सगळ्यांत आधी लिंग पाहतात हे सांगितलं. दुसऱ्या फेरीत ते हम्जा शोधतात. हम्जा म्हणजे अलिफच्या डोक्यावर किंवा पायाशी बसणारं चिमुकलं चिन्ह, आपल्या अर्धचंद्राहूनही लहान. अडचण अशी की काही शब्दांच्या सुरुवातीच्या अलिफला तो असतो आणि काहींना नसतो, आणि उच्चारावरून पहिल्या झटक्यात कळत नाही. प्रवेश या अर्थाचा ‘इल्तिहाक’ आणि आदर या अर्थाचा ‘इहतिराम’, दोन्ही ‘इ’नं सुरू होणारे, दोन्हींना हम्जा नाही. ‘इदारा’, म्हणजे व्यवस्थापन, तोही ‘इ’नं सुरू, त्याला मात्र हवा. ओळखायची रीत उस्तादांनी अशी शिकवली: शब्दाआधी ‘व’ लावून म्हणा. ‘इ’ विरघळून गेली, ‘वल्तिहाक’, ‘वहतिराम’ असं घसरत गेलं, तर हम्जा नाही. ‘व इदारा’ असं अडखळलं तर आहे. नेमका ‘इल्तिहाक’ अर्जाच्या विषयात आणि ‘इहतिराम’ समारोपात येतो. म्हणजे अर्जाच्या वेशीवर एक आणि शेवटच्या गल्लीत एक, असे दोन सापळे. बहुतेक अर्जदार दोन्हींवर हौसेनं हम्जा चढवतात, कारण रिकामा अलिफ त्यांना कपडे न घातल्यासारखा वाटतो.

समारोपाचं वाक्य ठरलेलं आहे, ते बदलायची कुणाची छाती नाही: ‘व तफद्दलू बि-कबूल फाइक अल-इहतिराम वत्तकदीर.’ उच्चतम आदर आणि कदर यांचा स्वीकार व्हावा. आमच्या वर्गात एक वकीलसाहेब आहेत (मागे बाई झालेले तेच, यंदा पुन्हा अर्ज करताहेत), त्यांचं म्हणणं, हे कलम उत्तम आहे. प्रवेश नाकारला तरी आदर स्वीकारावाच लागतो. म्हणजे अर्ज पूर्णपणे फेटाळला जाऊच शकत नाही.

आणि सर्वांत शेवटी जोडपत्रं. इथं अरबी आपला हुकमाचा पत्ता टाकते. एक आणि अनेक यांच्या मधे तिच्याकडे दोनचं वेगळं रूप आहे. संस्कृतात होतं ते द्विवचन मराठीनं कधीच मोडीत काढलं, अरबीनं अजून चालू ठेवलं आहे. एक फोटो ‘सूरा’, दोन फोटो ‘सूरतान’, आणि फोटोचं विशेषणसुद्धा दोनचंच हवं, ‘शख्सिय्यतान’. दोन हा आकडा वेगळा लिहायचीही गरज नाही, तो शब्दाच्या शेपटीत असतो. तिनापासून पुढे दहापर्यंत दुसराच कायदा. शब्द पुल्लिंगी तर संख्या स्त्रीलिंगी, शब्द स्त्रीलिंगी तर संख्या पुल्लिंगी. वर्ग तीन महिन्यांचा. महिना पुल्लिंगी, म्हणून ‘सलासतु अश्हुर’. तास तीन, तास स्त्रीलिंगी, म्हणून ‘सलासु साआत’. तीन लिंगं जन्मापासून वागवणाऱ्या मराठी माणसाला भाषेतल्या लिंगांचं भय नसतं, पण संख्येनं नामाच्या बरोबर विरुद्ध वागायचं हे मला लग्नाच्या संसारापलीकडे कुठं पाहिल्याचं आठवत नाही.

तर ‘सूरतान शख्सिय्यतान’ असं सुबक अक्षरात लिहून, हम्जा जागच्या जागी ठेवून, सलग फोन नंबर टाकून, उस्तादांच्या दोन्ही फेऱ्या पार करून मी अर्ज काउंटरवर ठेवला. त्यांनी कोपऱ्यात हिरव्या शाईनं एक वळणदार ‘ठीक’ केलं होतं. कारकुनानं कागद न वाचता खाली पाहिलं आणि म्हणाला, ‘सर, फोटो तीन लगते. एक आयडी कार्ड कू.’

मी त्याला समजावायचा प्रयत्न केला की अर्जात दोन लिहिलेत. तो म्हणाला, तीन करा. मी म्हटलं, बाबा रे, ते नुसतं दोनाचं तीन करणं नाही. द्विवचन जाईल, अनेकवचन येईल, ‘सुवर’ हे रूपच वेगळं, संख्या पुल्लिंगी होईल, विशेषणाची शेपटी बदलेल, खाडाखोड केली तर हस्ताक्षराचा भाग बाद, म्हणजे पान पुन्हा लिहायचं. तो कन्नडमध्ये कुणाला तरी काहीतरी म्हणाला. आतून उस्ताद बाहेर आले. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं, अर्जाकडे पाहिलं, त्या दोन शब्दांवरून मायेनं बोट फिरवलं.

‘अर्ज कू हात नक्को लगाओ,’ ते कारकुनाला म्हणाले. ‘दो फोटो अर्ज के साथ. तीसरा तेरे जेब में रख.’

नोकरीभर मी यादीत नसलेलं एक कागदाचं चिटोरं कोणत्या फाइलला लागू दिलं नव्हतं. मी पाकिटातून तिसरा फोटो काढला आणि कारकुनानं तो शर्टाच्या खिशात, पेनाच्या मागे सरकवला. पोचपावतीवर त्यानं लिहिलं: अर्ज एक, फोटो दोन.